ज्युनिअर रिटचरच्या अर्जाचे पत्र: एका कॉम्पोझिटचा हिशेब

*मी डिजिटल इमेजिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम नुकताच पूर्ण केला आहे. एका जाहिरात स्टुडिओला कॉम्पोझिट आणि बॅकग्राउंडच्या कामासाठी ज्युनिअर रिटचर हवा आहे. तेथे अर्ज करायचा आहे, पण नोकरीचा अनुभव नाही. पत्राचा मसुदा आणि दोन कामे जोडते आहे: एक तरंगत्या बेटांचे स्वप्नदृश्य आणि दुसरे ओल्या फलाटावर ठेवलेल्या प्रवासी बॅगेचे. फलाटाची आडवी, लांब आवृत्तीही केली आहे. पत्रात नेमके काय लिहावे? मसुद्यात काय चुकते आहे?*

तुमच्या मसुद्यात तीन परिच्छेद आहेत. पहिल्यात तुम्हाला या क्षेत्राची किती ओढ आहे ते लिहिले आहे, दुसऱ्यात येत असलेल्या सॉफ्टवेअरची यादी आहे आणि तिसऱ्यात आपण मेहनती असून लवकर शिकतो असे आश्वासन आहे. यातले काहीही खोटे नसेल, परंतु पत्र वाचणाऱ्या माणसाला त्यातले काहीही तपासून पाहता येत नाही, आणि मसुद्याचा मुख्य दोष तोच आहे. ज्युनिअरच्या जागेसाठी आलेले अर्ज मी बरीच वर्षे पाहत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की आम्ही आधी चित्र उघडतो, मग पत्र वाचतो आणि पत्रात काही ठोस आढळले तरच चित्राकडे पुन्हा वळतो. चित्र पहिल्यांदा उघडताना तुम्ही आमच्या शेजारी नसता. दुसऱ्यांदा पाहताना आमची नजर कोठे जावी, हे मात्र तुमचे पत्र ठरवू शकते. म्हणून जोडलेल्या चित्रात बोट ठेवून दाखवता येईल, असेच पत्रात लिहावे.

स्टुडिओत ज्युनिअरकडे प्रत्यक्षात कोणते काम येते, हेही आधी लक्षात घ्या. आर्ट डायरेक्टरची कल्पना पूर्णत्वाला नेणे आणि रंगांचा अंतिम निर्णय घेणे हे ज्येष्ठ रिटचरकडे असते. ज्युनिअरच्या वाट्याला पेन टूलने पाथ काढणे, मास्क साफ करणे, वस्तू जमिनीवर बसवणे, सावल्या व परावर्तने रंगवणे आणि एकच पार्श्वभूमी उभ्या, आडव्या, चौकोनी अशा वेगवेगळ्या आकारांसाठी वाढवणे ही कामे येतात. पत्र वाचणारा मनात एवढेच ठरवत असतो, की या उमेदवाराकडे फाईल सोपवली तर ती परत आल्यावर मला किती दुरुस्त करावी लागेल. त्याचे उत्तर सॉफ्टवेअरच्या यादीतून मिळत नाही. उमेदवाराला स्वतःच्या कामातली चूक दिसते का, आणि दिसल्यावर तो काय करतो, यावरून ते मिळते.

म्हणून पत्रात तरंगती बेटे घेऊ नका आणि बॅग घ्या. बेटांचे चित्र देखणे आहे, पण बेट हवेत तरंगताना कसे दिसते हे कोणीच पाहिलेले नसल्यामुळे त्यात चूक काय आणि बरोबर काय हे ठरवता येत नाही. ओल्या जमिनीवरची बॅग सर्वांनी पाहिलेली असते. ती जराशी चुकली तरी नेमके काय चुकले ते सांगता न येणाऱ्या माणसालाही ती ‘चिकटवलेली’ वाटते. जाहिरातीचा सगळा व्यवहार अशाच साध्या वस्तूंचा असतो. बेटांचे चित्र पोर्टफोलिओत राहू द्या, पत्रातील जागा मात्र त्याला देऊ नका.

आता बॅगेविषयी. तुमच्या टिपणात एक वाक्य आहे: ‘पहिल्या प्रयत्नात बॅग नीट बसली नाही, म्हणून नंतर पुन्हा फोटो काढला.’ मसुद्यात मात्र हे वाक्य तुम्ही गाळले आहे, बहुधा ती कबुली वाटेल म्हणून. माझ्या मते सगळ्या अर्जात सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे, फक्त ती नेमकेपणाने सांगायला हवी.

फलाटाचे छायाचित्र तुम्ही उभ्याने, कॅमेरा जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंचीवर धरून काढले होते. घरातली बॅग खुर्चीवर बसून, सत्तर सेंटिमीटरच्या आसपास उंचीवरून आणि दोन मीटर अंतरावरून टिपली होती. बॅग ५५ सेंटिमीटर उंच आहे. म्हणजे घरातल्या फोटोत कॅमेरा बॅगेच्या माथ्यापेक्षा जेमतेम पंधरा सेंटिमीटर वर होता, त्यामुळे बॅगेचा माथा एखाद्या पट्टीसारखा निमुळता दिसत होता; फलाटावर मात्र दीड मीटरवरून पाहणाऱ्याला तो चांगला उघडा दिसायला हवा होता. तुम्ही वार्पने माथा ताणून पाहिला आणि चेन वाकडी झाली. ते होणारच होते, कारण जो पृष्ठभाग कॅमेऱ्याने नीट पाहिलेलाच नाही, त्याचा तपशील ताणून निर्माण होत नाही.

येथे क्षितिजरेषेचा एक साधा हिशेब उपयोगी पडतो, आणि तो तुम्ही केलेला असेल तर पत्रात अवश्य लिहा. सपाट जमिनीवर कॅमेरा ज्या उंचीवर असतो, त्याच उंचीवर क्षितिजरेषा जमिनीवर उभ्या असलेल्या प्रत्येक वस्तूला छेदते, मग ती वस्तू जवळ असो की दूर. दीड मीटरवरून काढलेल्या फोटोत ती फलाटावर उभ्या असलेल्या प्रौढांच्या हनुवटीच्या आसपास जाते; फलाटाची कड आणि छताच्या रेषा लांबवल्या तर त्या जिथे मिळतात तो बिंदूही याच रेषेवर येतो. बॅग ५५ सेंटिमीटर आणि कॅमेरा १५० सेंटिमीटर, म्हणजे बॅगेच्या तळापासून क्षितिजापर्यंतचे अंतर बॅगेच्या उंचीच्या सुमारे पावणेतीन पट असायला हवे. तुमच्या सहा हजार पिक्सेल रुंद फोटोत बॅग ठेवायच्या जागेपासून क्षितिज सुमारे २२०० पिक्सेल वर आहे, तेव्हा बॅग साधारण ८०० पिक्सेल उंच हवी. कॅमेरा फार झुकवलेला नसेल तर हे गणित कामापुरते बिनचूक येते. पहिल्या प्रयत्नात बॅग तुम्ही ११०० पिक्सेलच्या पुढे ठेवली होती. त्या हिशेबाने ती पाऊण मीटर उंचीची पेटी झाली असती, आणि म्हणूनच ती ‘मोठी वाटत नाही, पण विचित्र वाटते’ असे तुमच्या मैत्रिणीने म्हटले असावे.

दुसऱ्या वेळी तुम्ही बॅग गच्चीवर नेली, ढगाळ दिवशी, कॅमेरा दीड मीटरवर आणि अंतर चार मीटर ठेवून. घराच्या खोलीत चार मीटर मागे सरकायला जागा नव्हती हे कारण तुम्ही दिले आहे. ढगाळ आकाशाचा मऊ उजेड फलाटाच्या उजेडाशी आपोआप जुळला, हा त्याचा दुसरा लाभ. पत्रात ‘मी लेन्स जुळवली’ असे लिहू नका. पर्स्पेक्टिव्ह कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरतो, लेन्सच्या फोकल लेंग्थवर नाही. एकाच जागेवरून वेगळ्या लेन्सने काढलेल्या दोन फोटोंत मुख्यतः चौकटीत किती मावते एवढाच फरक असतो. हे माहीत नसलेला उमेदवार ‘लेन्स जुळवली’ असे लिहितो आणि जाणकार वाचक तेथेच थबकतो. ‘कॅमेऱ्याची उंची आणि अंतर जुळवले’ असे लिहा.

बॅगेचे परावर्तन ही दुसरी जागा. फलाट ओला असल्यामुळे बॅगेचे प्रतिबिंब दिसायलाच हवे, आणि येथे बहुतेक सगळे नवशिके बॅगेचा लेयर उलटा करून खाली चिकटवतात व त्याची अपारदर्शकता कमी करतात. अगदी समोरून, माथा न दिसणाऱ्या सपाट वस्तूला हे चालून जाते. तुमच्या बॅगेचा माथा दिसतो, आणि प्रतिबिंबात तो कधीही दिसणार नाही. ओली जमीन आरसा मानली तर प्रतिबिंबातली बॅग जणू जमिनीखाली तितक्याच खोलीवर ठेवलेल्या कॅमेऱ्याने पाहिलेली असते, आणि खालून पाहणाऱ्याला माथा कसा दिसावा? तुमच्या पहिल्या आवृत्तीत प्रतिबिंबातही वरची चेन चकाकत होती. पाठवलेल्या आवृत्तीत ती नाही. तुम्ही समोरची आणि बाजूची अशी दोन पाने वेगवेगळी कापून, उलटवून, प्रत्येकाला स्वतंत्रपणे तिरके करून तळाच्या रेषेशी जोडली आहेत आणि तळापासून दूर जाताना प्रतिबिंब धूसर होत नेले आहे. हे काम पाहून मी चित्र मोठे करून पुन्हा पाहिले. पण ते मला शोधावे लागले, कारण मसुद्यात त्याचा उल्लेखच नव्हता. दिवसाला कितीतरी अर्ज पाहणारा माणूस असा शोध घेणार नाही.

एक त्रुटी अजूनही आहे. बॅगेच्या डाव्या कडेला, दोनशे टक्क्यांवर पाहिले तर, एक फिकट किनार दिसते. गच्चीची पांढरी भिंत मागे असल्यामुळे तिचा उजेड कडेवर आला आहे. अर्ज पाठवण्यापूर्वी तेवढे दुरुस्त करा. मास्क सरसकट आत ओढण्याऐवजी त्या कडेपुरता एखादा पिक्सेल आत घ्या, आणि बॅगेला क्लिप केलेल्या वेगळ्या लेयरवर शेजारचा कापडाचा रंग उचलून मऊ ब्रशने भरा. ही किनार पांढऱ्या पडद्यावर लपते व गडद पार्श्वभूमीवर उघडी पडते, म्हणून तपासताना बॅगेखाली तात्पुरता गडद करडा लेयर ठेवून पाहा. काळ्या छटांसाठीही अशीच तात्पुरती युक्ती आहे: सगळ्यांच्या वर कर्व्हजचा लेयर ठेवून गडद भाग जोराने उजळले, तर बॅगेतला काळा फलाटावरच्या काळ्यापेक्षा अधिक खोल आहे की नाही ते लगेच कळते. तुमच्या फोटोत मोकळ्या आकाशाचा उजेड लेन्समध्ये पसरून फलाटाचे काळे भाग थोडे उचलले गेले आहेत. बॅगेचे काळे तुम्ही त्यांच्याशी जुळवले आहेत, ते ठीक आहे.

आता फलाटाच्या लांब आवृत्तीकडे येतो. जागेच्या नावात ‘बॅकग्राउंड’ असताना मसुद्यात या कामाला तुम्ही अर्धे वाक्य दिले आहे, हे मला अजब वाटले. मूळ फोटो तीनास दोन या प्रमाणाचा. तुम्ही तो उजवीकडे वाढवून तीनास एक केला आहे. उंची तीच ठेवायची तर याचा अर्थ रुंदी दुप्पट झाली, म्हणजे चित्राचा अर्धा भाग तुम्ही निर्माण केलेला आहे. यातला कठीण भाग छताचे खांब हा होता. खांब प्रत्यक्षात सारख्या अंतरावर असले तरी चित्रात दूरचे जवळजवळ येतात आणि आपल्याकडे येताना त्यांच्यामधले अंतर वाढत जाते, त्यामुळे शेवटचा खांब उचलून त्याच अंतरावर पुढे चिकटवला तर फलाट तेथे अचानक आखूड झाल्यासारखा दिसतो. तुम्ही कर्णाची जुनी चित्रकारी पद्धत वापरली आहे, ती योग्य आहे: दूरच्या खांबाच्या पायथ्यापासून निघून मधल्या खांबाच्या मध्यबिंदूतून जाणारी रेषा खांबांच्या माथ्यांच्या रेषेला जिथे मिळते, तिथे पुढचा, आपल्याजवळचा खांब येतो. एका ओळीतल्या, समान अंतरावरच्या कोणत्याही उभ्या वस्तूंना ही पद्धत लागू पडते; वाइड लेन्सच्या अगदी कडेला वस्तू ताणल्या जातात तेथे थोडी तफावत राहते आणि ती नजरेने सावरावी लागते. ओल्या फरशीवरचे डाग तुम्ही क्लोन केले आहेत, त्यांपैकी अर्धचंद्रासारखा एक डाग मला तीनदा दिसला. चित्र लहान करून आणि आडवे उलटवून पाहा, असे जुळे लगेच डोळ्यांत भरतात.

स्वतःच्या मर्यादांबद्दल एकच वाक्य लिहा, पण ते लिहाच. तुम्ही केसांचे मास्क फारसे केलेले नाहीत आणि छपाईसाठी सीएमवायके फाईल कधी तयार केलेली नाही. हे दोन्ही सांगून टाका. ते मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत कळतेच, आणि आधी लिहिलेले असले तर पत्रातल्या बाकीच्या विधानांवर विश्वास बसतो. त्याचबरोबर वेळ लिहा. ‘लवकर शिकते’ या विधानापेक्षा एका कॉम्पोझिटला तुम्हाला किती तास लागले ही माहिती स्टुडिओला अधिक उपयोगाची असते, कारण तेथे काम तासांवर मोजले जाते. तुम्हाला पुन्हा फोटो काढण्याचा वेळ सोडून अकरा तास लागले; अनुभवी रिटचरला त्याच्या निम्म्याहूनही कमी लागतील. तरी आकडा आहे तसा द्या. तो कमी करून लिहिलात तर चाचणीच्या दिवशी तुम्हालाच तो पाळावा लागेल.

चित्रात तुमचे स्वतःचे काय आणि दुसऱ्याचे काय, हेही स्पष्ट असावे. तुम्ही दोन्ही छायाचित्रे स्वतः काढली आहेत, ही मोठी जमेची बाजू आहे. एखादा स्टॉक फोटो असता तर तो परवान्यासह घेतल्याचे लिहावे लागले असते, आणि शिकवणीतल्या सरावाच्या फाईली तर वापरूच नयेत, कारण त्याच डोंगराची आणि त्याच हरणाची चित्रे आम्हाला अनेक अर्जांत दिसतात. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एका उमेदवाराचे फार देखणे शहरदृश्य आले होते. त्याला लेयर असलेली फाईल आणायला सांगितली, तर तिच्यात एकच सपाट लेयर होता आणि ‘काम झाल्यावर सगळे एकत्र केले’ असे त्याचे उत्तर होते. कदाचित ते खरेही असेल. पण क्लायंटने आकाश बदलायला सांगितले असते तर ती फाईल कोणाच्याच कामाची नव्हती.

हे सगळे धरून मी तुमचे पत्र असे लिहीन. वाक्ये तुमच्या बोलण्याला साजतील अशी बदला, पण तपशील वगळू नका.

> विषय: ज्युनिअर रिटचर (कॉम्पोझिट आणि बॅकग्राउंड) या जागेसाठी अर्ज
>
> महोदय / महोदया,
>
> आपल्या स्टुडिओतील वरील जागेसाठी मी अर्ज करीत आहे. मी डिजिटल इमेजिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण केला असून व्यावसायिक स्टुडिओत अद्याप काम केलेले नाही. सोबत दोन कामे जोडली आहेत. त्यांतील सर्व छायाचित्रे मी स्वतः काढलेली आहेत.
>
> पहिल्या कामात एक प्रवासी बॅग ओल्या फलाटावर ठेवली आहे. पहिल्या प्रयत्नात बॅगेचा फोटो फलाटाच्या फोटोपेक्षा बऱ्याच खालून घेतलेला असल्यामुळे तिचा माथा पुरेसा दिसत नव्हता आणि वार्प करून तो दोष गेला नाही. म्हणून कॅमेऱ्याची उंची (१.५ मीटर) आणि अंतर (४ मीटर) फलाटाच्या फोटोप्रमाणे ठेवून, ढगाळ उजेडात बॅग पुन्हा टिपली आणि क्षितिजरेषेवरून तिचा आकार ठरवला. परावर्तन सुरुवातीला बॅगेचा लेयर उलटवून केले होते, परंतु त्यात बॅगेचा माथाही दिसत होता, जो प्रत्यक्षात दिसणे शक्य नाही. आता समोरची आणि बाजूची पाने स्वतंत्रपणे उलटवून तळाशी जोडली आहेत. दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाठवत आहे.
>
> दुसऱ्या कामात तोच फलाट ३:२ वरून ३:१ या प्रमाणात उजवीकडे वाढवला आहे. नव्या खांबांच्या जागा कर्णाच्या पद्धतीने काढल्या असून फरशी वेगळ्या लेयरवर रंगवली आहे, त्यामुळे मूळ छायाचित्र फाईलमध्ये जसेच्या तसे आहे.
>
> पहिल्या कामाला, पुन्हा छायाचित्रण करण्याचा वेळ वगळून, मला ११ तास लागले, तर दुसऱ्याला ६. केसांच्या मास्कचा मला मर्यादित सराव आहे आणि छपाईसाठी सीएमवायके फाईल मी अजून तयार केलेली नाही.
>
> लेयर असलेल्या दोन्ही फाईली मागितल्यास त्वरित पाठवीन. आपल्या पद्धतीनुसार चाचणीचे काम करण्यास मी तयार आहे.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, दूरध्वनी, पोर्टफोलिओचा दुवा)

पत्रात ‘ओढ’, ‘ध्यास’, ‘सर्जनशील’ हे शब्द नाहीत, आणि सॉफ्टवेअरचे नावही नाही. सॉफ्टवेअरची यादी बायोडेटात असतेच. शिवाय लेयर, मास्क आणि वार्प यांविषयी लिहिणारी व्यक्ती कोणते सॉफ्टवेअर वापरते हे वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. स्टुडिओच्या कामाची स्तुतीही मुद्दाम घातलेली नाही. त्यांच्या एखाद्या जाहिरातीतील पार्श्वभूमी तुम्ही खरोखर बारकाईने पाहिली असेल आणि तिच्यात कोठे काय केले असावे याविषयी एक नेमके वाक्य लिहिता येत असेल तर पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी घाला. ‘आपले काम प्रेरणादायी आहे’ एवढेच लिहायचे असेल तर ती जागा मोकळी बरी. नोकरीच्या जाहिरातीत त्यांनी वापरलेले शब्द मात्र विषयात तसेच ठेवा, कारण अर्जांची पहिली चाळणी अनेकदा रिटचर करीत नाही. कार्यालयातली व्यक्ती ते शब्द जुळतात का एवढेच पाहते.

एक शंका तुमच्या मनात येईल: चुकलेली पहिली आवृत्ती दाखवणे धोक्याचे नाही का? ती एकटी दाखवली तर आहे. दुरुस्त आवृत्तीच्या शेजारी, त्याच क्रॉपमध्ये आणि त्याच आकारात दाखवली तर नाही. क्रॉप मात्र खरोखरच तोच ठेवा. आधीचे चित्र फिके आणि नंतरचे झगझगीत करून फरक वाढवण्याची सवय अनेकांना असते, आणि ती ज्येष्ठ रिटचरला फसवत नाही.

पाठवण्याच्या बाबतीत थोडेच सांगण्यासारखे आहे. ईमेलला जेपीईजी जोडा, लांब बाजू दोन-अडीच हजार पिक्सेल पुरे, आणि ती एसआरजीबीत बदलून प्रोफाइल जोडलेली असू द्या. ॲडोबी आरजीबीतले चित्र प्रोफाइलशिवाय गेले तर अनेक पडद्यांवर फिके दिसते, आणि तुम्ही मेहनतीने जुळवलेले रंग पाहणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाहीत. लेयर असलेली मोठी फाईल ईमेलला जोडू नका. पीएसडीची मर्यादा दोन गिगाबाइटची आणि प्रत्येक बाजूला तीस हजार पिक्सेलची आहे. तुमची फाईल तिच्या जवळपासही नाही, पण मागितल्याशिवाय आलेल्या जड फाईली कोणी उतरवून घेत नाही. फाईलच्या नावात तुमचे नाव आणि कामाचे नाव असावे. `final_final2.jpg` या नावाची चित्रे आमच्याकडे पुरेशी आहेत.

लेयर असलेली फाईल मागितली गेली तर ती उघडणारा सर्वप्रथम लेयर एकेक बंद करून पाहतो, हे धरून चाला. पत्रात ‘फरशी वेगळ्या लेयरवर रंगवली’ असे लिहिले असेल, तर क्लोनचे सगळे काम बंद केल्यावर खाली मूळ फोटो अक्षत दिसला पाहिजे. तुमच्या सध्याच्या फाईलमध्ये दोन ठिकाणी क्लोन थेट मूळ लेयरवर झाला आहे: डाव्या कोपऱ्यातील कचऱ्याचा डबा पुसला आहे तेथे, आणि छतावरची तार काढली आहे तेथे. पत्र पाठवण्याआधी ते दोन्ही भाग मूळ फोटोतून परत आणून रिकाम्या लेयरवर पुन्हा करा. तासाभराचे काम आहे, आणि ते होईपर्यंत पत्रातले ते वाक्य खरे नाही. लेयरना ‘लेयर १४ कॉपी ३’ अशी नावे राहू देऊ नका. पत्रात ‘परावर्तन’ असा शब्द आहे, तर ग्रुपचे नावही ‘परावर्तन’ असू द्या आणि त्याच्या आत ‘समोरचे पान’ व ‘बाजूचे पान’ असे दोन लेयर ठेवा, म्हणजे पत्र हातात घेऊन फाईल पाहणाऱ्याला तुम्हाला फोन करून विचारावे लागणार नाही.